ब्रेकअपनंतर नव्या माणसाला कधी भेटायचं, आणि त्याला काय सांगायचं

"किती महिने थांबू?" हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो. विचारणारीला तोवर कुणीतरी आवडायला लागलेलं असतं, आणि तिला उत्तरापेक्षा परवानगी हवी असते. मैत्रिणींच्या ग्रुपवर एक हिशोब फिरत असतो: नातं जितकं टिकलं त्याच्या निम्मा काळ थांबायचं. म्हणजे चार वर्षांच्या नात्याला दोन वर्षांचं सुतक. या हिशोबाला आधार काहीच नाही.

उलट जे थोडंफार संशोधन झालंय ते वेगळंच सांगतं. क्लॉडिया ब्रंबॉ आणि ख्रिस फ्रेली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली छापलेल्या अभ्यासात, ब्रेकअपनंतर नवं नातं सुरू केलेल्यांचा स्वतःवरचा विश्वास एकट्या राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसला, आणि जुन्या माणसाचा विषयही त्यांच्या मनात जास्त मिटलेला होता. लवकर नातं जोडणारे उशिरा जोडणाऱ्यांपेक्षा वाईट अवस्थेत नव्हते. अर्थात लवकर जोडल्यामुळे ते बरे झाले, की मुळातच बरे होते म्हणून लवकर जोडू शकले, हे अशा अभ्यासातून कळत नाही. माणसंही फार नव्हती. तरी "घाई केली म्हणजे वाट लागलीच" हे त्यातून खोटं पडतं.

त्याच फ्रेलींनी जिया चोंग यांच्यासोबत २०२५ साली आणखी एक मोजमाप मांडलं. जुन्या जोडीदाराबद्दलची ओढ निम्म्यावर यायला सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागला. निम्म्यावर यायला, संपायला नव्हे! "मनातून पूर्ण गेला की मगच" अशी अट घातली तर आपल्यापैकी बऱ्याच जणी पस्तिशीपर्यंत घरीच बसतील.

तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेवा. बघायचं ते एवढंच, की नवा माणूस तुमच्या आयुष्यात सध्या कुठलं काम करतोय, आणि ते काम त्याला माहीत आहे का. आपल्याकडे यासाठी चपखल शब्द आहे, स्टेपनी. गाडी पंक्चर झाली म्हणून लावलेलं चाक. मी स्वतः एकाला स्टेपनी केलंय. सव्वीस वर्षांची होते, ब्रेकअपला तीन आठवडे झाले होते. तो ऑफिसातला, सरळ मुलगा. चार महिने त्याला काहीही न सांगता फिरले, आणि जुन्याचा फोन आला त्या संध्याकाळी "आईची तब्येत बरी नाही" सांगून जुन्याला भेटायला गेले. तीन आठवड्यांत सुरुवात केली याचं मला आज काही वाटत नाही. आईच्या तब्येतीचं वाटतं.

पुढे जे सांगते त्यात उदाहरण माझ्या मावसबहिणीचं आहे, तिला विचारून. एकोणतीस वर्षांची, पुण्यात नोकरी. साडेतीन वर्षांचं नातं फेब्रुवारीच्या शेवटी संपलं, आणि एप्रिलमध्ये एका ट्रेकला एक मुलगा भेटला.

आधी देणीघेणी मिटवा

नव्याला भेटण्याआधी हे काम करायचं, कारण राहिलेली प्रत्येक वस्तू म्हणजे मेसेज करायला निमित्त. "तुझा चार्जर राहिलाय" या वाक्यावर किती रात्री गेल्यात, विचारू नका.

बहिणीच्या बाबतीत यादी अशी निघाली: भाड्याच्या फ्लॅटच्या डिपॉझिटमधले तिचे चाळीस हजार, त्याचा कॅमेरा तिच्याकडे, एका ओटीटीचा पासवर्ड दोघांत, आणि मे महिन्यातल्या गोव्याच्या तिकिटांचं काय करायचं हा प्रश्न. तिने यादी त्याला एकाच मेसेजमध्ये पाठवली. दोघं एका दुपारी कॅफेत चाळीस मिनिटं भेटली, कॅमेरा दिला, त्याने तिथल्या तिथे यूपीआयवर पैसे पाठवले, तिकिटं रद्द केली. पासवर्ड तिने घरी जाऊन बदलला. एका दमात झालं म्हणून बरं. एकेक वस्तू सुटी सुटी परत करत बसली असती तर जूनपर्यंत चाललं असतं.

डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांनी २००५ साली नुकतंच नातं तुटलेल्या ५८ तरुणांकडून २८ दिवस रोज नोंदी लिहून घेतल्या होत्या. जुन्या जोडीदाराशी संपर्क राहिला तिथे प्रेम आणि दुःख दोन्ही हळू ओसरलं. एकाच ऑफिसात असाल तर संपर्क शून्य करता येत नाही, हे मान्य. मग कामापुरतं बोला, कामाच्याच ग्रुपवर, आणि चहाला वेगळ्या वेळी जा.

ब्लॉक करायचं का? मला विचाराल तर बहुतेकांना म्यूट पुरतं. ब्लॉक केलं की अनब्लॉक करून बघण्याचा नवा खेळ सुरू होतो. मात्र समोरचा त्रास देत असेल, धमक्या किंवा सतत फोन असतील, तर बिनदिक्कत ब्लॉक करा आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. ते प्रकरण वेगळं, हा लेख त्यासाठी नाही.

स्टेटसवरून एक चाचणीही करता येते, आणि ती मला सगळ्यात खरी वाटते. नव्या माणसासोबतचा फोटो टाकलात, तर तो कुणी कुणी पाहिला या यादीत तुम्ही पहिलं कुणाचं नाव शोधता? जुन्याचं शोधत असाल तर तो फोटो नव्यासोबत काढलेला असला तरी जुन्यासाठी टाकलेला आहे.

चौदा दिवसांची नोंद

"मी यातून बाहेर पडलेय का?" असं स्वतःला विचारून उपयोग नसतो. दुपारी उत्तर हो येतं, रात्री नाही. त्यापेक्षा दोन आठवडे फोनमध्ये साधी नोंद ठेवा. नव्या माणसाला मेसेज करावासा वाटला, की वार, वेळ आणि त्याच्या अगदी आधी काय घडलं होतं ते एका ओळीत लिहायचं. मेसेज करा किंवा करू नका, नोंद मात्र करा.

बहिणीच्या चौदा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या चार सहज होत्या: त्याने सांगितलेल्या दुकानातली भाकरवडी खाल्ली, डोंगरात दिसलेल्या पक्ष्याचं नाव सापडलं, असं काहीतरी. या चार वेळा तिला त्यालाच काहीतरी सांगायचं होतं. उरलेल्या सात नोंदींपैकी पाच रविवारी संध्याकाळी सहा ते नऊमधल्या होत्या. आधी काय घडलं होतं? एकात "जुन्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो दिसला". दुसऱ्यात नुसतं "काही नाही". आणि तिसऱ्यात "घरी एकटी, मुगाची खिचडी एकीपुरती लावली". साडेतीन वर्षं रविवारची संध्याकाळ ती दोघं एकत्र स्वयंपाक करत. रविवारी तिला हवा होता तो कुणीतरी, आणि फोनमध्ये सगळ्यात वर नव्याचं नाव होतं.

अशा नोंदी वाचायच्या कशा? प्रमाणाचा काटेकोर नियम नाही. पण बहुतेक सगळ्या नोंदी पोकळीच्याच निघाल्या, म्हणजे अमुक माणसाविषयी त्यात काहीच नसलं, तर अजून भेटीगाठी सुरू करू नका. त्या वेळा आधी दुसऱ्या कशाने भरा. रविवारी भावाकडे जेवायला जा. महिन्याने पुन्हा नोंद ठेवा. बहिणीसारखं मिश्र चित्र असेल, आणि बहुतेकांचं असंच असतं, तर भेटायला हरकत नाही. फक्त आता तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी नेमकं आहे, आणि ते सांगणं तुमच्यावर आलं.

नोंदीत कुठलाच माणूस नसेल, नुसती रात्र असेल, झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो डेटिंगचा प्रश्न राहिलेला नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पहिल्या दोन भेटी

छोट्या ठेवा. तासभराचा चहा-कॉफी, दिवसाउजेडी, जिथून उठून जाता येईल अशा जागी. जिथे जुन्यासोबत जायचात त्या कॅफेत तर मुळीच नको. वेटरने "नेहमीचं का?" विचारलं की संपलं.

जुन्या नात्याबद्दल समोरच्याने विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर द्या. "साडेतीन वर्षं होतो, फेब्रुवारीत संपलं. अजून ताजं आहे, पण त्यावर आज बोलायचं नाही." बास. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे खोटं: "खूप जुनी गोष्ट आहे." दुसरी म्हणजे पूर्ण कीर्तन. समोरचा ऐकून घेणारा निघाला की दीड तास जुन्याच्या आईपासून त्याच्या घोरण्यापर्यंत सगळं बाहेर पडतं, आणि घरी येताना किती हलकं वाटलं म्हणून तो माणूस आवडल्यासारखा वाटतो. आवडलेलं असतं ते मोकळं होणं. त्यासाठी मैत्रीण आहे, समुपदेशक आहे. ज्याच्याशी नातं जुळावं असं वाटतंय त्याच्यावर हे काम टाकलं, तर जखम भरली की त्याची गरजही संपते, आणि बिचाऱ्याला कळतही नाही काय चुकलं.

सांगायचं कधी, आणि नेमकं काय

माझा ठोकताळा असा: त्याने विचारलं नसलं तरी तिसऱ्या भेटीपर्यंत सांगायचं. शारीरिक जवळीक त्याआधीच होणार असेल तर जवळिकीच्या आधी. त्याच्या मित्रमंडळात किंवा घरी तुम्ही जाणार असाल तर त्याच्याही आधी. कारण त्यानंतर समोरच्याने काहीतरी पणाला लावलेलं असतं, आणि माहिती उशिरा मिळाली की ती फसवणूक वाटते. बऱ्याचदा असतेही.

"मी अजून रेडी नाहीये" हे वाक्य टाळा. ऐकायला प्रामाणिक वाटतं, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. रेडी कधी होणार? तोवर त्याने काय करायचं? थांबायचं का? सगळं ओझं त्याच्या डोक्यावर, आणि उद्या काही बिनसलं की "मी तर आधीच सांगितलं होतं" म्हणायला तुम्ही मोकळे. "मला सध्या सिरीयस काही नकोय" याचीही तीच गत. हे एकदा बोलायचं आणि मग रोज सकाळी गुड मॉर्निंग, रात्री तासभर फोन, त्याच्या वाढदिवसाला केक. माणूस कशावर विश्वास ठेवेल, जानेवारीतल्या एका वाक्यावर की रोजच्या वागण्यावर? मग जे बोललात तसं वागता येत नसेल तर बोलणं बदला.

सांगण्यात तीन गोष्टी असाव्यात: कधी संपलं, अजून काय शिल्लक आहे, आणि त्याचं तुम्ही काय करताय. बहिणीने तिसऱ्या भेटीत जे सांगितलं ते तिने आधी माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. साधारण असं:

"तुला एक सांगायचंय. माझं ब्रेकअप होऊन दहा आठवडे झालेत. परत जायचं नाहीये, ते नक्की आहे. पण रविवारी संध्याकाळी मला फार एकटं वाटतं, आणि तेव्हा मी तुला मेसेज करते तो तुझ्यासाठी असतो की कुणीतरी हवं म्हणून, हे मला खरंच कळत नाही. बाकीच्या दिवशी कळतं, तेव्हा तो तुझ्यासाठीच असतो. मला तुला भेटत राहायचंय, पण हळू. तुला हे नको असेल तर मला समजेल."

यात रडारड नाही, जुन्याचं नाव नाही, त्याची निंदाही नाही. तिने माफीसुद्धा मागितली नाही, कारण मागण्यासारखं काही घडलेलं नव्हतं. आणि शेवटच्या वाक्याने त्याला निघून जायला खरी वाट दिली. ही वाट देताना पोटात गोळा येतो. मुलगा आवडलेला असतो, तो "मग नको" म्हणाला तर? म्हणू शकतो. तो धोका नसता तर सांगण्याला अर्थच नव्हता.

मुलग्यांसाठी एक जादाची सूचना. माझे दोन मित्र हे सगळं शुद्धीत सांगण्याऐवजी दारू पिऊन सांगतात. ते सांगण्यात धरत नाहीत.

एकदा सांगून काम संपत नाही. महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा, न विचारता, दोन ओळी: "तेव्हा म्हणाले होते ना, त्यातलं आता असं असं आहे." कमी झालं असेल तर तेही सांगा. समोरचा ते मोजत असतो, बोलून दाखवत नाही इतकंच.

जुन्याचा मेसेज येतो तेव्हा

येतोच. वाढदिवस, पहिला पाऊस, गणपती, किंवा तुमचा नवा फोटो दिसल्यावर. मेसेज येण्यात तुमचा दोष नाही. त्यानंतरच्या चोवीस तासांत तुम्ही काय करता यावर सगळं असतं.

आधी नोंदीतल्यासारखं स्वतःला विचारा: उत्तर द्यायला काही काम शिल्लक आहे का? देणीघेणी मिटलेली असतील तर नसतं. मग नव्या माणसाला सांगा, एका दिवसाच्या आत: "त्याचा मेसेज आला होता, मी उत्तर दिलं नाही" किंवा "दिलं, असं असं दिलं". मेसेज दाखवायची गरज नाही, नुसतं सांगा. पोटात खड्डा पडला असेल तर तेही सांगा. आणि भेटायला जावंसं वाटत असेल, तर जाण्याआधी सांगा. आईची तब्येत मध्ये आणू नका.

जाऊन आल्यावर परत त्याच्याकडेच ओढ लागली, तर नव्याला लटकवून ठेवू नका. "थोडा वेळ दे" म्हणत दोन दगडांवर पाय ठेवणारी माणसं बहुधा चांगली असतात, त्यांना कुणालाच दुखवायचं नसतं. त्यात तिघं दुखावतात.

घरचे स्थळं बघायला लागले तर

आपल्याकडे रिबाउंडची, म्हणजे जुनं तुटताच घाईने जोडलेल्या नात्याची, ही खास गावठी आवृत्ती आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्रेकअपची कुणकुण लागली की घरी हायसं वाटतं. महिन्याभरात विवाहमंडळात नाव, बायोडेटा, पत्रिका. मुलगी किंवा मुलगा थकलेला असतो, "करा काय करायचं ते" म्हणतो, आणि पाच महिन्यांत साखरपुडा. अॅपवरची घाई निदान दोघांपुरती असते. इथे हॉल बुक होतो.

घरच्यांकडे नुसता "वेळ द्या" मागू नका, ते त्याचा अर्थ "अजून त्याच्यातच अडकलीय" असा लावतील. तारीख द्या: "दिवाळीपर्यंत मी कुणाला भेटणार नाही. दिवाळीनंतर तुम्ही सुचवाल त्यातल्या तिघांना भेटेन." तारीख दिली की आईबाबांना नातेवाइकांना तोंड द्यायला काहीतरी मिळतं.

स्थळाला सांगायचं का? आई म्हणेल, "कशाला, आपणहून खड्ड्यात उडी!" बायोडेटावर लिहायची गोष्ट नाही हे खरंच. कांदेपोह्यांच्या दिवशी गच्चीवर दिलेल्या पंधरा मिनिटांतही नाही. पण होकाराच्या आधी दोघांची बाहेर निवांत भेट होते, तिथे सांगायचं. किती काळ होतं, कधी संपलं, आता संपर्क आहे का, आणि या लग्नाला मी माझ्या मनाने आलेय का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नाव, फोटो, जवळिकीचा तपशील यांतलं काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही, समोरचा खोदून विचारायला लागला तर ती त्याची परीक्षा समजा. आणि "माझ्या मनाने आलेय" हे तोंडातून निघत नसेल, तर ते त्याच्याआधी घरी सांगायचं आहे.

तुम्हीच नवे असाल तर

थोडक्यात. विचारा, सरळ: "तुझं कधी संपलं?" हा आगाऊपणा नाही. तुमच्या दोघांच्या गप्पांत जुना किती वेळा येतो याकडे लक्ष ठेवा, पण एकदोनदा चुकून त्याचं नाव तोंडात आलं म्हणून घाबरू नका, ती जिभेची सवय असते. घाबरायचं ते तुमच्याबद्दल कुणी काही विचारतच नसेल तर. दोन महिने भेटताय आणि तुमच्या भावाचं नाव, तुमचं काम नेमकं काय, हे समोरच्याला माहीत नाही? मग तिथे तुमची जागा रिकामीच आहे, तुम्ही फक्त बसलाय.

बहिणीचं बोलून झाल्यावर तो मुलगा म्हणे बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत बसला. मग म्हणाला, "मग रविवारी मेसेज करू नकोस. बुधवारी कर." तिला आधी राग आला. त्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली, आणि पुढचे सगळे रविवार येत राहिली. माझ्या नवऱ्याला तिच्या हातची आमटी माझ्यापेक्षा आवडते, हे आम्हाला तेव्हा कळलं. बुधवारी ती त्याला मेसेज करायची. पहिल्या बुधवारी काय लिहावं हे तिला संध्याकाळी सातपर्यंत सुचेना, शेवटी त्या पक्ष्याचं नाव पाठवलं. ऑगस्टमध्ये एका रविवारी ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "अगं, आज त्यानेच बोलावलंय, खिचडी करतोय. करपली बहुतेक. ठेवते."